वैयक्तिक कारणास्तव

कुंभकोणमच्या एका मुलींच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवलं. पत्रलेखनात माझा हातखंडा. अर्ज, आमंत्रण, तक्रार, आभार, सगळे नमुने मी मुलींकडून घोटून घ्यायची आणि वर ठासून सांगायची की पत्र मुद्देसूद असेल, भाषा सभ्य असेल, तर समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. हल्ली त्यांतली एखादी बाजारात भेटली आणि "टीचर, बऱ्या आहात ना?" म्हणाली, की मला तोंड लपवावंसं वाटतं. सभ्य भाषेत लिहिलेल्या पत्राचं काय होतं ते मला साठी उलटल्यावर कळलं.

गोष्ट मुलीच्या लग्नाची आहे, म्हणजे न झालेल्या लग्नाची. आम्ही इथले मराठी. तंजावरच्या दरबाराबरोबर आमचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. बाहेर तमिळ, घरात आमची ती जुनी मराठी, जी ऐकून पुण्याची माणसं कौतुकानं हसतात आणि मग इंग्रजीत बोलायला लागतात. लिहिण्यापुरती त्यांची मराठी मी शिकले, तीच ही. आमची घरं थोडी, आणि लग्नाची मुलं-मुली त्याहून थोडी. तीच ती जन्मपत्रिका तंजावर, साक्कोट्टै, चेन्नई अशी फिरून पुन्हा आपल्याच दारात येते, आणि आणणारी मावशी म्हणते, नवीन स्थळ आहे हो.

मुलगी तिशी ओलांडून गेली. ती इथल्याच एका खासगी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते आणि घरी आली की आमच्याशी वाकडं बोलते, असं मी तिला चिडवायची. शेवटी तिच्या संमतीनं मी एका लग्न जमवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तिचं नाव घातलं. साधं नाही, महिन्याच्या वर्गणीचं. त्यात कंपनीची एक बाई आपल्यासाठी स्थळं शोधणार, आपल्या वतीनं त्या घरांना 'आम्हाला रस आहे' असं कळवणार, आणि दर महिन्याला माझ्या पेन्शनच्या खात्यातून पैसे आपोआप कापले जाणार. आपल्या वतीनं बोलायला एक माणूस ठेवलं, ह्याचं तेव्हा मला फार अप्रूप वाटलं होतं.

स्थळ मात्र त्या बाईनं नाही आणलं. ते आलं आमच्या यजमानांच्या भांड्यांच्या दुकानात. समई घ्यायला आलेले तंजावरचे एक गृहस्थ, आपल्यातलेच, बोलता बोलता मुलाचा विषय निघाला. मुलगा चेन्नईत, शिकलेला, आमच्या मुलीशी फोनवर दोन महिने बोलला. तीही बोलली. एका रविवारी ती माणसं घरी आली, पान-सुपारीचं ताट इकडचं तिकडं झालं आणि लग्न ठरलं. मुलगी त्या दिवशी स्वयंपाकघरात माझ्यामागं येऊन उगाच भांडी पुसत उभी राहिली. मी काही विचारलं नाही. तिचा चेहराच सगळं सांगत होता, आणि मला इतकं बरं वाटलं की मी साखर दोनदा घातली.

निघताना मुलाची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "अत्तां कोणास सांगूं नका हो. आडी येतोय. लग्नपत्रिका लिहून झाली की अस्क्यांस कळूं दे."

अस्के म्हणजे आमच्या बोलीत सगळे. पण हे काही तिनंच सांगायला हवं होतं असं नाही. आमच्यात हीच रीत आहे. आमचा आषाढ आणि इथला आडी महिना, दोन्ही आम्ही पाळतो. म्हणजे अशुभ दिवस आम्हाला इतरांपेक्षा जास्तच मिळतात. त्यात शुभ बोलायचं नाही. मधे सोयीचा मुहूर्त नव्हता, आणि पुढं सप्टेंबर-ऑक्टोबरातला पुरट्टासीचा महिनाही तसाच जायचा. त्यामुळं दोन्ही घरांनी बसून लग्नपत्रिका लिहायचा मुहूर्त ऐप्पसीत, दिवाळीच्या आसपास निघाला, आणि तोवर ठरलेलं लग्न तोंडातून काढायचं नाही, कागदावर तर मुळीच उतरवायचं नाही असं ठरलं. दृष्ट लागते म्हणतात. शिकलेली मी, पण ह्या बाबतीत कधी कुणाशी वाद घातला नाही. मुलीच्या बाबतीत कोण धोका पत्करतो?

पहिलं काम केलं ते कंपनीला लिहिण्याचं. खात्याच्या पानावर बंद करायचं बटण नव्हतं; वर्गणी चालू असताना नाव काढता येत नाही, बंद करायचं असल्यास अमुक पत्त्यावर ईमेल करा, एवढंच होतं. मी केला. विषय, सभासद क्रमांक, विनंती, नमस्कार. नमुना म्हणून फळ्यावर लिहावा असा.

लगेच उत्तर आलं, यंत्राचं. तुमची विनंती मिळाली, लवकरच संपर्क करू, आणि खाली एक आर्जव: बंद करण्याचं कारण कळवाल का? लग्न ठरलं असल्यास तारीख आणि जोडप्याचा फोटो पाठवा, आमच्या यशोगाथांत छापू.

मी यजमानांना वाचून दाखवलं. ते दुकानात निघाले होते, चपला घालता घालता थांबले. "लग्न ठरलं म्हणून लिहूं नको. तारीख तर नाहींच. उद्यां छापून बसतील."

"मग काय लिहूं?"

"कांहींतरी लिही. तुज येतंच की."

मला येत होतंच. मी लिहिलं, वैयक्तिक कारणास्तव. शाळेत रजेच्या अर्जात मुलींना हेच शिकवलं होतं. सभ्य, नेटकं, आणि काहीच न सांगणारं.

त्यानंतर कंपनीनं मौन धरलं. पैसे मात्र वेळेवर गेले. मी दुसरा ईमेल केला, पहिल्याचा संदर्भ देऊन. पुन्हा यंत्र. फोन केला तर एक गोड आवाज म्हणाला, मॅडम, हे ईमेलवरच होतं. ज्या बाईला आमच्यासाठी नेमलं होतं तिचा नंबर लागेना. कळलं की ती सोडून गेली आणि दुसरी नेमली आहे. दुसरीचं नाव मला कुणी सांगितलं नाही. पुन्हा पैसे गेले. तिसऱ्या ईमेलात मी 'खेद' हा शब्द घातला. माझ्या मोजमापानं ती शिवी होती. चौथ्यात 'तीव्र नापसंती'. समोर कोणी वाचतच नसेल ही शंका माझ्या मनाला शिवली नाही, हे लिहिताना आज माझंच मला हसू येतं आणि संतापही येतो. तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या, प्रत्येक ओळ वाचून. मला वाटायचं, लिहिलेलं असतं ते कोणीतरी वाचतंच.

माझ्या भाच्यानं अखेर अक्कल शिकवली. तो बँकेत आहे. म्हणाला, मावशी, त्यांना कशाला विचारतेस, बँकेत जा आणि कापायची परवानगीच काढून घे. मी गेले, अर्ज दिला, काम झालं. पुढच्या महिन्यात पैसे गेले नाहीत, आणि त्याच दिवशी कंपनीला कंठ फुटला! तुमचा भरणा अयशस्वी झाला आहे, कृपया खात्याची माहिती अद्ययावत करा. मग एक फोन, मग दुसरा, मग एका माणसाचा खराखुरा, आळवणी करणारा ईमेल. इतके दिवस मुकी असलेली कंपनी पैसे थांबताच घडाघडा बोलायला लागली. मी त्या फोनवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा फोनवर इतकी ओरडले की शेजारीण गॅलरीत आली.

पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं, फक्त मला माहीत नव्हतं.

लग्नपत्रिका लिहायच्या आधीच्या आठवड्यात मुलाचे वडील आले. एकटे आले. मी कॉफी ठेवली, ती त्यांनी उचलली नाही. आमच्यात समोर ठेवलेली कॉफी न पिणं म्हणजे काय हे सांगायला लागत नाही.

"राव," ते यजमानांना म्हणाले, "तुम्ही आणखी स्थळं बघींगतांत असं आमास कळलं. बघा, त्यांत दोष नाहीं. पणीं आधीं सांगट्लं असतं तर बेस होतं."

"बघींगतों? कोण सांगट्लं तुम्हास?" यजमानांना काही कळेचना.

त्यांनी फोन काढला. त्यांच्या चुलतभावाच्या मुलाचं नावही त्याच संकेतस्थळावर होतं. त्याच्याकडं आमच्या मुलीचा फोटो आला होता, खाली लिहिलेलं, ह्या सभासदानं तुमच्यात रस दाखवला आहे. त्यांच्या एका भाच्यालाही तसंच. दोन्ही पुरट्टासीतले. ते संदेश त्यांनी यजमानांच्या फोनवर पाठवलेही. पान-सुपारी झाल्याला तेव्हा तीन महिने होत आले होते. कंपनीची ती नवी, बिननावाची बाई माझ्या मुलीच्या वतीनं घराघरांत रस दाखवत फिरत होती, आणि घरं इतकी थोडी की फिरून फिरून ती मुलीच्या होणाऱ्या सासऱ्याच्याच दारात पोचली.

मी धावत जाऊन माझा फोन आणला. एकेक ईमेल उघडून दाखवला, तारखा दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. सावकाश वाचलं, हे मान्य करायला हवं.

"ह्यांत लग्न ठरलं म्हणून कुठं आहे?" ते म्हणाले. "वैयक्तिक कारण म्हणजे काय? लग्न ठरलं असतां एक ओळ लिहायास काय झालं होतं?"

आडीत बोलू नका हे त्यांच्याच बायकोनं सांगितलेलं. त्यांच्या स्वतःच्या घरात धाकट्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा सख्ख्या काकांनासुद्धा पत्रिका छापून आल्यावर कळलं होतं. ही रीत त्यांना पाठ होती, माझ्यापेक्षा जास्त. मी तसं म्हणालेही, आवाज चढवून म्हणाले. यजमानांनी माझा हात धरला. ते गृहस्थ उठले आणि दारात म्हणाले, "वहिनी, तुमच्यावर विश्वास नाहीं असं नाहीं. पणीं आमच्या भाऊबंदांस मी काय सांगूं?"

खोटेपणाचा आळ नाही, भांडण नाही, दार आपटणं नाही. भाऊबंदांना काय सांगू, एवढ्यावर माझ्या मुलीचं लग्न मोडलं. मुलानं तिला एक फोन केला. काय बोलला ते तिनं सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी कामावर गेली. मला तिचं हे जाणं सहन झालं नाही. ती रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

करायला माझ्याकडं एकच गोष्ट होती. मी लिहायला बसले.

आधी ग्राहकांच्या सरकारी मदतक्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यांनी कंपनीकडं पाठवली, आठवण केली, आणि अखेर कळवलं की कंपनी प्रतिसाद देत नाही, तुम्ही ग्राहक आयोगाकडं जाऊ शकता. मग पोचपावतीसह नोटीस धाडली. पोचपावती कंपनीचा शिक्का लेवून परत आली, उत्तर नाही. मी आयोगासाठी तक्रारीचं पत्र लिहिलं. अकरा पानं. त्यात आडी महिना होता, पान-सुपारी होती, न प्यालेली कॉफी होती, कंपनीच्या संचालकांना आयाबहिणी आहेत की नाहीत हा प्रश्न होता. लिहून झाल्यावर कित्येक दिवसांनी मला भूक लागली.

जिल्ह्याचा आयोग तंजावरला. कंपनी कुठल्याही गावची असो, आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि इतक्या लहान व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. तरी भाच्याच्या सांगण्यावरून तिथल्या एका वकीलबाईंना पत्र दाखवलं. पन्नाशीच्या, तमिळ, पदर खोचून बोलणाऱ्या. त्यांनी अकरा पानं वाचली आणि पेन्सिल घेतली.

"टीचर, भाषा उत्तम आहे," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "पण ही कादंबरी आहे. मला तारखा द्या."

त्यांनी करून घेतलं ते असं: वर्गणी कधी घेतली, बंद करायला कधी सांगितलं, त्यानंतर किती वेळा कापले, कुठला ईमेल, कुठली बँकेची नोंद. प्रत्येक कागदावर क्रमांक, मागं शपथपत्र, ईमेलांच्या छापील प्रतींसोबत त्या माझ्याच फोनमधून काढल्याचं प्रमाणपत्र. शेवटी मागण्या. पैसे परत, नाव काढून टाका, मनस्तापाची भरपाई, खर्च. माझ्या अकरा पानांची चार झाली. तांदूळ पाखडावेत तशी त्यांनी ती पाखडली आणि मला राग आला नाही. कारण उरलं ते खरोखर तक्रारीसारखं दिसत होतं.

एका परिच्छेदाभोवती मात्र त्यांनी पेन्सिलीनं नुसती चौकट केली. लग्न मोडल्याचा.

"हा ठेवलात तर भरपाई बरी मिळेल," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं त्या दोन घरांना गेलेल्या संदेशांच्या प्रती आहेत, तारखा जुळतात. कंपनीला उत्तर देणं जड जाईल. काढलात तर वर्गणी परत आणि थोडंफार, एवढंच. पण एक सांगते. निकाल आयोगाच्या संकेतस्थळावर चढतो. नावासकट. कायमचा. मुलीला विचारून या."

विचारायचं काय होतं त्यात? माझ्या लेखी ही तक्रार त्या परिच्छेदासाठीच होती. वर्गणीच्या पैशांचं मला काय, दोन साड्या घेतल्या नाहीत म्हणून समजा. मला हवं होतं ते हे, की सरकारी शिक्क्याच्या एका कागदावर लिहिलेलं असावं, की ह्या मुलीनं काही केलं नाही, हिच्या आईनं वेळेवर कळवलं होतं, आणि कंपनीनं हिचं वाटोळं केलं. तो कागद मी तंजावरच्या त्या दारात नेऊन ठेवणार होते. भाऊबंदांना काय सांगू म्हणाला होता ना, हे सांग.

मुलीनं पत्र जेवणाच्या टेबलावर वाचलं. चौकटीपाशी थांबली.

"हें काढ, अम्मा."

"कां काढूं? खोटं आहे काय?"

"खरं आहे म्हणूनच काढ. हें काय न्यायाधीशच वाचतील? पुढल्या वराची मावशी वाचेल. माझं नांव घालून शोधतील आणि पहिलं हेंच येईल. लग्न मोडलेली. कारण कोण वाचतो?"

"मग त्या लोकांनी केलं तें अस्कं तसंच सोडायाचं?"

"सोड."

"मोकळे सुटतील ते!"

"सुटूं देत. मज त्यांस धरून ठेवायाचं नाहीं." तिचा आवाज इतका शांत होता की माझा संताप आणखी वाढला. "तुज कागद पाहिजे. मज तो कागद अस्कीकडं दिसायास नको. लग्न कोणाचं मोडलं, तुझं कीं माझं?"

मी खूप बोलले. भित्री म्हणाले तिला. आमच्या पिढीनं गप्प बसून वाट लावली आणि तुम्ही शिकूनही तेच करता, असंही म्हणाले. ती ऐकत राहिली आणि मग तिनं माझा लाल पेन घेतला, निवृत्तीनंतरही जो मी फेकला नव्हता, आणि तो परिच्छेद वरपासून खालपर्यंत एका तिरप्या रेघेनं खोडला. यजमान दारात उभे होते. ते तिच्या बाजूचे की माझ्या, हे त्यांनी त्या दिवशीही सांगितलं नाही आणि आजपर्यंत सांगितलेलं नाही.

परिच्छेदाशिवाय तक्रार दाखल झाली. नोटीस निघाली. कंपनीचं लेखी म्हणणं मुदत संपता संपता आलं. मी बसमध्ये वाचलं, आणि शेजारच्या बाईला वाटलं मला काहीतरी होतंय. म्हणे, आमच्या अटींप्रमाणे वाद फक्त आमच्या शहरात चालेल. म्हणे, तक्रारदारानं बंद करण्याचं ठोस कारण दिलं नाही, लग्न ठरल्याचं कळवलं नाही, म्हणून सभासदाच्या हितासाठी सद्भावनेनं सेवा चालू ठेवली. म्हणे, त्या काळात अनेक घरांशी संपर्क साधला, त्यामुळं पैशांचा पूर्ण मोबदला मिळाला आहे. आणि शेवटी, तक्रारदाराचं काही नुकसान झाल्याचं तिनंच कुठं म्हटलेलं नाही.

तारखा पडत गेल्या. मी दर वेळी सकाळच्या बसनं जायची, वकीलबाई यायच्या. युक्तिवादाच्या दिवशी मुलगी म्हणाली, मीही येते. तिनं रजा घेतली आणि मागच्या बाकावर, भिंतीला टेकून बसली. समोर अध्यक्ष आणि एक महिला सदस्य. कंपनीचा वकील चेन्नईहून आलेला, तरुण, इस्त्रीचा. त्यानं अटी वाचल्या. अध्यक्षांनी त्याला मध्येच थांबवून सांगितलं की ग्राहक राहतो तिथं तक्रार चालते, हा मुद्दा पुन्हा काढू नका. मग विचारलं, बंद करा असं लिहिल्यावर कारण मागायचा तुम्हाला अधिकार काय? तो पुन्हा अटींचीच पानं चाळायला लागला. मला वाटलं, आता उठून नाचावं.

तेवढ्यात महिला सदस्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या हातात प्रकरणाचे कागद होते, त्यात कंपनीनंच आपली सेवा दाखवायला जोडलेली, कुणाकुणाला रस कळवला त्याची यादी होती. त्यांनी ती दोनदा वाचली असावी. बाईमाणसाच्या नजरेला ती यादी वेगळीच दिसते.

"अम्मा," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "मुलीचं नाव असं फिरत राहिल्यामुळं आणखी काही नुकसान झालं का? कुठं ठरत आलेलं काही बिघडलं का? तुमच्या तक्रारीत तसं काही नाही, म्हणून विचारते. तसं असेल तर रीतसर दुरुस्ती करायला वेळ देऊ."

वकीलबाई आपले कागद नीट लावत राहिल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, इतक्या शहाण्या. मी मागं वळले नाही. मला मागचा बाक न बघताही दिसत होता. अकरा पानं माझ्या घशाशी आली होती. ज्या प्रश्नासाठी मी इतके महिने जळत होते, तो कुणीतरी, अधिकाराच्या खुर्चीतून, मायेनं विचारला होता.

"इल्लै," मी म्हणाले. नाही.

"विचार करून सांगा. भरपाई त्यावर ठरते."

"इल्लै, मॅडम. काहीही झालेलं नाही."

कंपनीच्या वकिलानं ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मुलीनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि बसस्टँडपर्यंत माझा दंड धरून चालली.

निकाल आमच्या बाजूनं लागला. पहिल्या ईमेलनंतर कापलेले सगळे पैसे व्याजासह, ईमेलांकडं दुर्लक्ष केल्याबद्दल थोडी भरपाई, खर्च, आणि मुलीची सगळी माहिती काढून टाकण्याचा हुकूम. कंपनीची पद्धत अनुचित ठरवली गेली. वकीलबाईंनी फोनवर अभिनंदन केलं. प्रत घरी आल्यावर मी ती शिक्षिकेच्या सवयीनं शेवटपर्यंत वाचली. एका ठिकाणी लिहिलं होतं की तक्रारदारानं आयोगापुढं प्रामाणिकपणे सांगितलं की याखेरीज कोणतंही नुकसान झालेलं नाही, आणि त्या प्रामाणिकपणाची आयोग दखल घेत आहे. सबंध प्रकरणात मी एकच खोटं बोलले होते. त्याचंच कौतुक झालं.

मी तो कागद टेबलावर तसाच ठेवून बसले.

मुलगी कामावरून आली. तिनं निकाल वाचला, ती ओळही वाचली, आणि मग फोनवर स्वतःचं पूर्ण नाव टाकून शोधलं. निकालात नाव माझंच होतं, तिचा उल्लेख नुसता 'तक्रारदाराची मुलगी' असा. कंपनीचं पान गेलं होतं. आडनावाचं स्पेलिंग बदलून, गाव घालून, पुन्हा पुन्हा शोधलं. मग फोन माझ्यापुढं धरला. कुणा दुसऱ्याच मुली होत्या, कुठल्या कुठल्या गावच्या.

"बघ, अम्मा," ती म्हणाली. "मी कुठंच नाहीं."

आणि ती हसली, खरोखर हसली, लग्न मोडल्यापासून पहिल्यांदा. मीही तिच्याबरोबर हसले, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला म्हणाले, बेस झालं. माझ्या लेकराचं जे झालं ते जगात कुठंही लिहिलेलं सापडणार नाही, आणि तेवढ्यासाठी मी भांडून जिंकले होते.